मागच्या बाजूचा स्टिकर

घरच्यांशी ओळख करून द्यायला दंतवैद्याला नऊ दिवस लागले होते. लिफ्टवाल्याला दोन वर्षं होऊन गेली, तरी त्याचं ते काम अजून व्हायचंच होतं.

हा हिशोब मावशीचा. फोटोफ्रेमचं दुकान मावशीचं, दुकानावरची खोली मावशीची, आणि त्या खोलीत राहून खाली फ्रेम करणारी भाचीही मावशीचीच. भाचीला सगळे फ्रेमवाली म्हणत. लग्नाचे, बारशाचे, निरोपसमारंभाचे फोटो लोक तिच्याकडे आणत आणि ती त्यांच्या चारी बाजूंनी कड घालून परत देत. कुठल्या घरात कोण कोणाच्या खांद्यावर हात ठेवतं आणि कोण हात नुसता हवेत धरून उभं राहतं, हे तिच्याइतकं त्या घरालाही माहीत नसे.

दंतवैद्याचं प्रकरण तीन वर्षांपूर्वीचं. नवव्या दिवशी त्याने तिला घरी नेलं, आणि ती हरखून गेली. इतक्या लवकर माणूस घरी नेतो म्हणजे त्याच्या मनात काही काळंबेरं नाही, असं तिला वाटलं. ते खरंही होतं. त्याच्या मनात फारसं काहीच नव्हतं. दारातच तिला घरात घालायच्या सपाता मिळाल्या. त्या तिच्या पायाला जरा जास्तच छान बसल्या, म्हणजे आधीच कोणीतरी चालून चालून त्या सैल केल्या होत्या. जेवणाच्या टेबलाशी त्याच्या आईने एक खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, "ही तुझी." त्या खुर्चीच्या गादीतही तिच्याआधीचा एक खळगा होता.

तिसऱ्या आठवड्यात त्याची आई त्याला सोडून हिलाच फोन करू लागली. पाचव्या आठवड्यात त्याच्या वडिलांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालायचं काम तिच्याकडे आलं. ते दोघं कुठे फिरायला जाणार, हे घरच्या टेबलावर पाच मतांनी ठरू लागलं, आणि तिचं मत सहावं होतं. दंतवैद्य या सगळ्यात कुठे होता? सोफ्यावर. मुलगी घरी आणून सोडली की आपलं काम संपलं, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. त्या घरात एक जागा रिकामी होती आणि त्याने ती भरली होती. आठ महिन्यांनी त्याच्या आईचाच फोन आला. "हे बघ बाळ, त्याला सांगायला जड जातंय, म्हणून मीच सांगते."

पुढच्याच महिन्यात त्या बाई घरचा मोठा फोटो जुन्या फ्रेमसकट घेऊन दुकानात हजर झाल्या. फोटोत दंतवैद्य होता, सगळं घर होतं आणि अगदी उजवीकडे फ्रेमवाली होती.

"तेवढी उजवी कड जरा आत घे गं," त्या म्हणाल्या. "नव्या फोटोशॉपवाल्यांवर माझा विश्वास नाही. तुझा हात सफाईदार आहे."

फ्रेमवालीची एक सवय होती. फोटो ती कधी कापत नसे. नको असलेला माणूस दुमडून मागे घालायचा आणि वरून माउंटचा जाड कागद बसवायचा. लोकांचे विचार बदलतात, कापलेला माणूस परत जोडता येत नाही. तर तिने स्वतःला दुमडलं. जुनी फ्रेम उघडली तेव्हा खाली आधीच्या वर्षीचा फोटो निघाला. त्याचीही उजवी कड दुमडलेली होती. तिने ती उलगडून पाहिली. हिरव्या कपड्यातली एक मुलगी मन लावून हसत होती. पायात सपाता त्याच.

"छान झालं," दंतवैद्याची आई म्हणाली. "काही कळतसुद्धा नाही."

या अनुभवानंतर लिफ्टवाला आला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. बोलणं कमी, हात मोठे. पहिल्या वर्षी त्याने घरच्यांचा विषयही काढला नाही, तेव्हा फ्रेमवालीला हा सभ्यपणा वाटला. आधी आपण दोघं एकमेकांना नीट ओळखू, मग मंडळी जमवू, असं त्याचं धोरण असावं. दुसऱ्या वर्षी तो सभ्यपणा जरा लांबलाय असं वाटू लागलं. आणि आता त्याने दोन खोल्यांचं घर शोधलं होतं. सोमवारी दोघांनी भाडेकरारावर सही करायची. मावशीने वरची खोली एका शिंपिणीला द्यायचं कबूल केलं होतं आणि सोमवारीच तिचं मशीन येणार होतं. म्हणजे एकदा गेलं की मागे यायला जागा नव्हती. मधल्या काळात फ्रेमवालीला एकच ठरवायचं होतं. ज्या माणसाने दोन वर्षांत आपल्याला आईची चप्पलसुद्धा दाखवली नाही, त्याच्याबरोबर राहायला जायचं का?

मावशी काच पुसता पुसता उलटतपासणी घेत होती.

"बायको आहे का त्याला?"

"मावशी!"

"मावशी काय मावशी? पहिला प्रश्न तोच असतो. मित्र दाखवलेत?"

"सगळे. त्याच्या कामावरचे मला वहिनी म्हणतात."

"घराची किल्ली?"

"माझ्याकडे आहे."

"मग बायको नाही," मावशीने फुंकर मारली. "ज्याला बाई लपवायची असते तो ती सगळ्यांपासून लपवतो. मित्र, शेजारी, वॉचमन. हा फक्त घरच्यांपासून लपवतोय. म्हणजे भानगड घरातली आहे, बाहेरची नाही. त्यांचं त्याचं पटतं?"

"दर रविवारी जातो. अकराला जातो, पाचला येतो. चुकत नाही."

"भांडण असतं तर गेला नसता. कारणं काय देतो?"

कारणं बरीच झाली होती. आईचा गुडघा दुखतो. घराला रंग लावायचा आहे. बहीण मुलांना घेऊन आली आहे. रंग लावणं चालू आहे. बहीण गेली, पण वडील दमलेत. रंग वाळायचा आहे.

"किती महिने झाले रंगाला?"

"आठ."

"एवढ्या वेळात राजवाडा रंगवून, भुतं राहायला येऊन, पुन्हा रंगवायला झाला असता," मावशी म्हणाली. "खरं कारण असलं ना, की ते एकच असतं, आणि माणूस तेच तेच सांगून आपल्याला कंटाळा आणतो. दर महिन्याला नवं आलं की समजावं, जुनं आपलं आपल्यालाच पटलेलं नाही. तू सरळ विचारलंस का कधी?"

तिने विचारलं होतं. तुझ्या घरी माझ्याबद्दल माहीत आहे का? त्यावर तो बराच वेळ विचार करून म्हणाला होता, "माहीत आहे असं नाही. पण माहीत नाही असंही म्हणता येणार नाही." लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आत जो आवाज येतो, तसं ते उत्तर होतं.

आणखी एक गोष्ट तिने मावशीला सांगितली नाही, कारण तिचा अर्थ तिला स्वतःलाच लावता येत नव्हता. दर रविवारी सकाळी लिफ्टवाला अर्धा तास ब्रशने नखं घासायचा. मग इस्त्रीचा शर्ट, त्यावर टाय. आईवडिलांकडे टाय लावून कोण जातं? त्याचं म्हणणं, वडिलांना नीटनेटकेपणा आवडतो. आईचा फोन आला तर तो तिच्यासमोरच घ्यायचा, लपून नाही, पण आवाज बदलायचा. "हो, मीटिंग होती." लिफ्टवाल्याची मीटिंग लिफ्टशी असणार, असं तिने मनाशी जमवून घेतलं होतं.

मागे एकदा त्याने आईच्या वाढदिवसासाठी आईचाच एक जुना फोटो आणून दिला होता. फ्रेमवालीने त्याला सागवानी कड घातली, मागे पुठ्ठा ठोकला आणि सगळ्या फ्रेमांना लावते तसा दुकानाचा स्टिकर चिकटवला. म्हणजे तिने केलेली फ्रेम त्या घरात जाऊन भिंतीवर लटकत होती. ती स्वतः मात्र अजून रंग वाळायची वाट बघत होती.

गुरुवारी दुपारी एक गृहस्थ दुकानात आले. पांढरे केस, ताठ पाठ, खिशाला दोन पेनं. दुकानात शिरताच त्यांनी भिंतीवरच्या सगळ्या फ्रेमांवरून अशी नजर फिरवली, की जणू त्यातली एकजण गैरहजर आहे. काखेतलं पुडकं सोडून त्यांनी टेबलावर ठेवलं. आत सागवानी फ्रेम होती आणि तिच्यात लिफ्टवाल्याची आई होती.

"ही इथलीच ना? मागे पत्ता आहे म्हणून आलो. काम चोख आहे."

"माझंच," फ्रेमवाली म्हणाली. एवढं म्हणताना तिच्या हातातली पेन्सिल खाली पडली. ती उचलायला तिने गरजेपेक्षा जरा जास्त वेळ घेतला.

"मी हेडमास्तर होतो. आता निवृत्त. मला एक फ्रेम हवी आहे, पदवीच्या सर्टिफिकेटला."

"सर्टिफिकेट आणलंत?"

"ते नाही. ते मुलाकडे आहे, त्याच्या ऑफिसात लावलंय. लिफ्टच्या कंपनीत इंजिनियर आहे तो. डिझाइनला. आता तर तिथला मुख्य झालाय." त्यांनी चष्मा काढून पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. "अकरा वर्षं सांगतोय, घरी आण, भिंतीला खिळा ठोकून ठेवलाय. विसरतो. कामच तेवढं असतं. म्हटलं, आता फ्रेमच करून टाकू. रिकामी फ्रेम समोर दिसली की आणावंच लागेल. वर्गात मी हेच करायचो. फळ्यावर नुसतं गणित लिहून ठेवायचं, उत्तर आपोआप येतं."

"माप?"

"माझ्या पदवीएवढंच धरा. मोजून आणलंय."

तिने माप लिहून घेतलं. पेन्सिल शांतपणे चालत होती, याचं तिला नवल वाटलं.

"जरा बसतो," हेडमास्तर म्हणाले. "चार मजले उतरून आलो. तीन महिने लिफ्ट बंद आहे आमची. मला चालतं, पण बायकोचा गुडघा. तीन महिन्यांत ती खाली उतरलेली नाही. खिडकीतून रस्ता बघते."

"मग मुलाला का नाही सांगत? लिफ्टमधलाच आहे ना?"

"सांगितलं ना! म्हणाला, बाबा, ते सर्व्हिसवाल्यांचं काम. माझं खातं वेगळं." हेडमास्तरांच्या आवाजात अभिमान होता. "बरोबरच आहे. मुख्य माणसाने पाना घेऊन बसायचं का?"

ते गेले. मावशी आतून आली. तिने सगळं ऐकलं होतं, कारण आतल्या खोलीचा उपयोगच तो होता.

"गुडघा खरा निघाला," मावशी म्हणाली.

त्या संध्याकाळी लिफ्टवाला घरी बेसिनपाशी हात धूत होता. फ्रेमवालीने त्याच्या शेजारी मापाची चिठ्ठी ठेवली. त्याने ती वाचली आणि नळ बंद करायला विसरला.

"तुझे बाबा आले होते."

"काय सांगितलंस?"

"पदवीच्या फ्रेमला किती दिवस लागतात ते."

तो खाली बसला. मग अगदी हळूहळू सगळं निघालं. शेवटच्या वर्षी दोन विषय राहिले. घरी सांगितलं, पास झालो. विचार होता की पुढच्या परीक्षेत सुटतील, मग कोणाला कळणारही नाही. तोवर हे दुरुस्तीचं काम मिळालं आणि आवडलं. परीक्षा राहिली ती राहिली. मग दर रविवारी एक एक गोष्ट वाढत गेली.

"वर्षांमागून वर्षं तेच सांगता येईना. तीन वेळा बढती दिली मी स्वतःला."

"पगारवाढ?"

"ती नाही देता आली."

ती हसली नाही. हसू आलं होतं, पण ते तिने नंतरसाठी ठेवलं.

"तुला लपवत नव्हतो मी," तो म्हणाला. "शपथ. पण तू जेवायला बसलीस, बाबांनी विचारलं की आमचे चिरंजीव ऑफिसात कसे वागतात, तर तू काय सांगणार? तुला खोटं बोलता येत नाही."

"येतं. आज दुपारी तुला ओळखत नसल्यासारखी बोलले. पण ते रोज बोलायला मला आवडणार नाही." तिने नळ बंद केला. "मला लपवत नव्हतास, खरं आहे. तू स्वतःच लपला होतास. पण दोघांना एकाच कपाटात उभं राहावं लागलं त्याचं काय? दोन वर्षं मला वाटतंय, माझ्यातच काहीतरी दाखवण्यासारखं नाही."

त्याने मापाची चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली.

"आणि लिफ्ट?"

"दुसऱ्या मजल्यावरच्या दाराचं लॉक," तो हातांकडे बघत म्हणाला. "दार नीट लागलंय हे मशीनला कळत नाही, म्हणून ती हलत नाही. जिन्यावरून जाताना आवाजावरून कळतं. चाळीस मिनिटांचं काम आहे."

"आणि तू काय करतोस?"

"टाय सरळ करतो आणि वर जातो."



"सोमवारी मी सही करीन," फ्रेमवाली म्हणाली, "पण लिफ्टवाल्याबरोबर. डिझाइनच्या मुख्यांना मी ओळखत नाही. माझी ओळख नंतर कधीही करून दे, दोन वर्षं थांबले, आणखी थांबेन. आधी बाबांना स्वतःची करून दे. नाही जमलं तर शिंपिणीचं मशीन परत जाईल, एवढंच."

रविवारी सकाळी त्याने नखं घासली नाहीत. कंपनीतून त्याने रीतसर त्या इमारतीची ड्यूटी लावून घेतली होती. कामाचा डगला चढवला, हत्यारांची पिशवी घेतली, नवं लॉक घेतलं आणि दारातून मागे वळून विचारलं, "खाली उभी राहशील? वर नको. पण खाली." काम चालू असताना तळमजल्यावर कोणीतरी पाटी घेऊन उभं राहावं लागतं, असं त्याने सांगितलं. ते खरं होतं की खोटं, हे तिने विचारलं नाही.

तळमजल्यावर ती पाटी धरून उभी राहिली. लिफ्टच्या पोकळीतून आवाज फार स्वच्छ खाली येतो, हे तिला तेव्हाच कळलं. आधी पान्याचा आवाज आला. मग वरून उतरणाऱ्या चपलांचा.

"कोण आहे रे?... तू?"

"हो बाबा."

"हा काय वेष?"

"हा माझाच आहे. टाय दुसऱ्याचा होता."

चपला आणखी एक पायरी उतरल्या.

"म्हणजे डिझाइन?"

"नाही."

"पदवी?"

"दोन विषय राहिले, बाबा."

"अकरा वर्षं?"

"हो."

फ्रेमवालीने पाटी घट्ट धरली.

"कोणते दोन?" हेडमास्तरांनी विचारलं.

"एक गणित."

"गणित!" या एका शब्दाला पोकळीत तीनदा प्रतिध्वनी आला. दुसरा विषय कोणता, हे विचारण्याचं त्राण बहुधा त्यांच्यात उरलं नसावं. चपला वर गेल्या. दार आपटलं. पाना मात्र पुन्हा सुरू झाला, आणि चाळीसच्या ऐवजी पंचावन्न मिनिटांनी थांबला. मधली पंधरा मिनिटं तो नुसताच बसला होता, असं त्याने तिला पुढे सांगितलं.

मग लिफ्ट हलली. आकडा चारवर गेला, तिथे थांबला, मग तीन, दोन, एक, शून्य. दार उघडलं. आत हातात काठी घेऊन सागवानी फ्रेममधल्या बाई उभ्या होत्या, फोटोपेक्षा वीस वर्षांनी मोठ्या. तीन महिन्यांनी त्या पहिल्यांदा तळमजला बघत होत्या. तळमजल्यावर बघण्यासारखं फक्त पाटी घेतलेली एक मुलगी होती.

"फ्रेमवाली ना तू?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"त्या फ्रेममागचा स्टिकर मी काढायला निघाले होते. दुकानाची जाहिरात घरात कशाला? तर याने माझा हात धरला. राहू दे म्हणाला. आता दुकानाच्या स्टिकरसाठी कोणी आईचा हात धरतो का?" त्या बाहेर आल्या आणि काठी सोडून तिच्याच दंडाला धरलं. "दीड वर्ष झालं त्याला. मी वाट बघतेय, आज सांगेल, उद्या सांगेल. गोंद मात्र कडक वापरतेस हो. चल, मला कोपऱ्यापर्यंत ने. इथे नवीन दुकान झालंय म्हणे, मला खिडकीतून अर्धंच दिसतं."

त्या दोघी कोपऱ्यापर्यंत जाऊन आल्या. हेडमास्तर खाली आले नाहीत. त्या दिवशी संध्याकाळी ते फिरायला गेले तेही जिन्यानेच, आणि लिफ्टसमोरून जाताना त्यांनी मान दुसरीकडे वळवली, असं वॉचमनने सांगितलं.

सोमवारी मावशीने दुकान उघडलं तेव्हा ते पायरीवरच उभे होते. मावशीने मनातल्या मनात ऑर्डर रद्द केली.

"फ्रेम झाली का?" त्यांनी विचारलं.

"कड झाली आहे," फ्रेमवाली म्हणाली. "आतलं राहिलंय."

त्यांनी खिशातून एक कागद काढला. लिफ्टदुरुस्तीचा परवाना होता तो, लिफ्टवाल्याच्या फोटोसकट. घड्यांवर तो पार मऊ झाला होता.

"काल टेबलावर ठेवून गेला. हा त्या मापात बसत नाही. लहान आहे."

"माउंट रुंद घेते. छान दिसेल."

"दिसू दे." ते टेबलाकडे बघत राहिले. "मला राग आहे. तो वेगळा. पण खिळा किती वर्षं रिकामा ठेवायचा?" मग अचानक वर्गातल्या आवाजात, "आणि काल बायकोने तुझं सांगितलं, म्हणजे तुला गुरुवारीच कळलं होतं. गप्प बसलीस. का?"

"ते सांगायचं काम माझं नव्हतं."

"हं." चांगल्या उत्तरालाही ते पूर्ण गुण देत नसावेत. "येत्या रविवारी त्याच्याबरोबर जेवायला ये. जिन्याने ये. गणितात नापास झालेल्याने बसवलेलं लॉक आहे, मी अजून महिनाभर बघणार आहे."

ते गेले. तिने परवाना उलगडून टेबलावर सरळ केला आणि माउंटचा कागद मापायला घेतला. बाहेर टेम्पो येऊन थांबला होता. शिंपिणीचं मशीन दोन माणसांनी खाली उतरवलं, आणि शिंपीण त्याच्यावर हात ठेवून जिन्याकडे बघत उभी राहिली.

मावशी दारात आली. "काय गं, काय सांगू त्यांना? वर चढवायचं, की परत न्यायचं?"

फ्रेमवालीने पट्टी कागदावर घट्ट दाबून धरली, कारण इथे हात हलला तर कागद वाया जातो.

"चढवा," ती म्हणाली. "माझी ट्रंक बाजूला करा फक्त. दुपारी तो न्यायला येतोय."